आभाचं बाळसं

माझी धाकटी लेक उज्वला हिचं लग्न २०१८ च्या वैशाखात झालं, आणि त्याच साली श्रावणात आमच्या घरी आभा जन्माला आली. आभा म्हणजे माझा मुलगा रोहित आणि सून सृष्टी यांची पोरगी. माझी पहिली नात. निफाडपासून आठ किलोमीटरवर आमचं गाव. दोन एकर द्राक्षबाग, बागेच्या कडेलाच घर. माझे मालक फार पूर्वीच गेले, त्यामुळे घरात आम्ही चौघंच.

आमच्याकडे बागेची कामं सावडीनं करायची पद्धत आहे. आज तुमच्या बागेत आठ बाया, उद्या त्याच आठ जणी आमच्या बागेत. दिवाळी झाली की डिपिंग सुरू होतं. द्राक्षाचा एकेक कोवळा घड औषधाच्या पाण्यात बुडवायचा, म्हणजे मणी लांब होतात. हात सतत वर, आणि पाणी कोपरावरून काखेत, काखेतून कमरेपर्यंत. लुगडं खराब होऊ नये म्हणून बाया अंगावर पुरुषांचे जुने फुल शर्ट घालतात. त्या शर्टांना औषधाचा वास लागतो, म्हणून कोणी घरी नेत नाही. संध्याकाळी बागेतल्या तारेवर टाकायचे आणि सकाळी जो हाताला लागेल तो चढवायचा. दवानं ते ओलेच असायचे. सावडीत मी सगळ्यांत थोरली. कोणता शर्ट कोणाचा हे मी कधी बघितलं नाही, आणि कोणाला बघूही दिलं नाही. सृष्टी सून होऊन आली आणि तारेवरचे शर्ट बघून म्हणाली, "आई, मी माझा वेगळा ठेवते," तर मी म्हणाले होते, "सावडीत आपलं-परकं करू नये गं."

आभा तीन महिन्यांची झाली तेव्हा सृष्टी पहिल्यांदा डिपिंगला उतरली. पंधरा दिवसांत तिच्या कमरेला, परकराची नाडी बसते तिथं, रुपयाएवढा लाल डाग उठला. कडेला बारीक पुरळ, मध्ये साफ. रोज थोडा मोठा होई. सृष्टी लाजून कोणाला सांगेना, पण खाज काही लपत नाही.

"गजकर्ण हे ते," आमच्या शेजारच्या लताबाई बागेत सगळ्यांदेखत म्हणाल्या. "एवढं काय लाजायचं? माझ्या मांडीवर तर अख्खा जिल्हा उमटलाय. इकडं मालेगाव, इकडं सिन्नर."

बाया हसल्या. सृष्टीही हसली.

निफाडच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण बाई डॉक्टर होत्या. त्यांनी सृष्टीला एक ट्यूब दिली आणि मला बाजूला बसवून नीट समजावलं.

"मावशी, ही बुरशी आहे. कातडीत वाढते. ट्यूब दिवसातून दोनदा, डागावर आणि डागाच्या बाहेर दोन बोटं. डाग दिसेनासा झाला तरी पुढं दोन आठवडे लावायचीच. वरून कातडी आधी साफ दिसते, बुरशी आत उरलेली असते. तिला संधी दिली की ती पुन्हा वर येते. टॉवेल वेगळा, कपडे उन्हात कडक वाळवायचे, दुसऱ्याचा कपडा अंगात घालायचा नाही. आणि घरात अजून कोणाला खाजत असेल तर त्यालाही घेऊन या. एकाच वेळी सगळे बरे झाले पाहिजेत."

मी मान हलवली. बारा दिवसांत डाग पुसून गेला. सृष्टी ट्यूब घेऊन बसली की मी म्हणायचे, "बरं झालंय ना? मग कशाला उगाच चोपडतेस? ठेव ती जपून, उद्या कोणाला लागेल." आमच्या घरात ताप उतरला की गोळी बंद, खोकला थांबला की बाटली बंद. मी तशीच वाढले होते आणि माझी दोन्ही पोरं तशीच वाढवली होती. सृष्टीनं अर्धी ट्यूब फळीवर ठेवून दिली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तारेवरचा शर्ट घालून डिपिंगला गेली.

संक्रांतीच्या आधी डाग परत आला. या वेळी तीन. एक पोटावर, दोन मांडीच्या सांध्यात.

मी रोहितला म्हणाले, "त्या सरकारी ट्यूबमध्ये काही दम नाही." आणि गावातल्या ललितच्या मेडिकलमध्ये गेले. ललित माझ्या माहेरच्या नात्यातला, मला मावशी म्हणतो. त्यानं न बघता मागे हात घातला आणि लाल खोक्यातली ट्यूब काढली.

"ही घेऊन जा मावशी. सगळा तालुका हीच नेतो. दोन दिवसांत खाज बंद नाय झाली तर नाव बदलीन."

"डॉक्टरांची चिठ्ठी नाय रे माझ्याकडं."

"चिठ्ठी काय करायची? मी काय परका हे का?"

दोन दिवस कशाला, दुसऱ्याच सकाळी सृष्टीला आराम पडला. ती खाज विसरून शांत झोपली, आणि मला वाटलं आपण सुनेचं भलं केलं. ट्यूब बंद केली की चार दिवसांत खाज दुप्पट उठे, म्हणून ती पुन्हा लावायची. पूर्वी डागाला कड होती, गोल होता, ओळखू येई. आता कड पुसट झाली आणि डाग कसाही पसरला. मार्चपर्यंत तिच्या मांड्यांवर बाळंतपणात पडतात तशा लाल रेघा पडल्या आणि तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. तरी ती लावत राहिली. खाज थांबवणारं दुसरं काही आमच्याकडं नव्हतं.

आणि ती आभाला कमरेवर घेऊन फिरायची. जिथं डाग, तिथंच पोरगी टेकायची.

जानेवारीच्या शेवटी आभाच्या जांघेत बारीक लाल चट्टे दिसले. पोर किरकिर करू लागली. आईला गुण आला ती ट्यूब घरात होतीच. रोज सकाळी मी आभाला तेल लावून आंघोळ घालायचे. अंग पुसलं की बोटभर मलम दोन्ही जांघांत, मांड्यांवर, ढुंगणावर चोळायचे आणि वरून लंगोट घट्ट बांधायचे. थंडीचे दिवस, म्हणून लंगोटावर प्लॅस्टिकची चड्डी. संध्याकाळी पुन्हा तेच. हे सृष्टीनं केलं नाही, रोहितनं केलं नाही. मी केलं. चार महिने केलं. ट्यूब संपली की मीच ललितकडून दुसरी आणायचे.

आभानं बाळसं धरलं. गाल असे भरले की डोळे बारीक दिसू लागले. पोट गोल, मानेला वळ्या. बाया बागेतून घरी वळायच्या, केवळ तिला बघायला.

"काय खाऊ घालता हो सगुणाबाई?" लताबाई विचारायच्या. "आमच्या नातवाला तर फुंकर मारली तरी उडून जाईल."

मी रोज संध्याकाळी मीठ-मोहरीनं तिची दृष्ट काढायचे. अंगणवाडीत वजनाच्या दिवशी ताई म्हणाली, "वजन झकास आहे. उंची मात्र मागच्याच महिन्याएवढी भरतेय, पोर हलली असेल." आम्ही हसलो. कपाळावर आणि गालांवर बारीक काळी लव आली, तेव्हा मी म्हणाले, आजोबांवर गेली. आठवा महिना लागला तरी ती बसेना. मी म्हणाले, अंगानं जड आहे, बसेल सावकाश.

नऊ महिन्यांच्या लसीसाठी मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिला निफाडला नेलं. त्याच बाई डॉक्टर होत्या. त्यांनी आभाचा चेहरा बघितला, लंगोट सोडायला लावलं, आणि मला विचारलं, "मावशी, हिला काय लावता?"

मी ट्यूब पिशवीतच ठेवली होती. काढून दिली. त्यांनी खोकं उलटंपालटं करून वाचलं आणि लसीचं कार्ड मिटून बाजूला ठेवलं.

"लस आज नको," त्या म्हणाल्या. "आजच नाशिकला जा. लहान मुलांच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. आणि हे मलम अजून फेकू नका, त्यांना दाखवा."

नाशिकच्या दवाखान्यात गर्दी होती. रोहित आणि सृष्टी आभाला घेऊन आत गेले. मी पिशवी सांभाळत बाहेर बाकावर बसले. पाऊण तासानं ते बाहेर आले तेव्हा सृष्टी रडत होती. रोहितनं मला एसटी स्टँडवर सांगितलं, तुटक तुटक.

"आई, त्या मलमात बुरशीचं औषध हे, पण त्यात स्टिरॉईड मिसळलंय. लय जोरदार. त्यानं खाज दबते, पण बुरशी मरत नाय, उलट पसरते. आणि लहान लेकराची कातडी पातळ, त्यावर लंगोट घट्ट. सगळं अंगात मुरलं. ते बाळसं नव्हतं. सूज होती."

"मग आता?"

"मोठ्या माणसानं ते मलम बंदच करायचं. सृष्टीला कातडीच्या डॉक्टरकडं पाठवलंय, साध्या औषधाचा पूर्ण कोर्स. आभालाही ते लावायचं नाय, पण तिला पुड्या दिल्यात."

पुढचं त्यानं सांगितलं की नाही, मला आठवत नाही. बहुतेक सांगितलं असेल. एसटी आली, गर्दी झाली, आणि माझ्या कानात फक्त एवढंच घुमत होतं की ते बाळसं नव्हतं.

डॉक्टरांनी एका कागदावर मराठीत लिहून दिलं होतं. रोहितनं तो देवघराशेजारी चिकटवला. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. पुढं दोन वर्षांत सृष्टीकडूनच मी अक्षरं शिकले, तेव्हा तो कागद मी पहिल्यांदा वाचला. त्यावर लिहिलं होतं की बाळाच्या शरीरानं स्वतःचं स्टिरॉईड तयार करणं थांबवलं आहे. ते पुन्हा सुरू होईपर्यंत थोडं थोडं बाहेरून द्यायचं आणि महिन्यागणिक कमी करत आणायचं. पुडी एक वेळही चुकवू नये. उलटी, जुलाब, ताप आला तर दुप्पट द्यावी आणि तात्काळ दवाखान्यात यावं. अक्षर मोठं आणि स्वच्छ होतं.

बागेत उन्हाळ्यातल्या खरडछाटणीनंतर वेलींना आलेल्या जादा फुटी काढायचं काम जोरात होतं. रोहित आणि सृष्टी सकाळी सातला जायचे. सृष्टी अंगावर पाजायला मध्ये येऊन जायची, पण पुड्या माझ्याकडं. सकाळ, दुपार, रात्र. आभा माझ्या मांडीवरच औषध घ्यायची, आईच्या मांडीवर थुंकायची.

दोन दिवस मी दिल्या. तिसऱ्या दिवशी ललितच्या मेडिकलसमोरून जाताना राहवलं नाही. तावातावानं आत शिरले.

"काय रे, कसलं विष दिलंस तू मला?"

ललितचा चेहरा उतरला. "मावशी, मला काय माहीत तुम्ही लेकराला लावताय? मोठ्यांसाठी म्हणून दिली मी."

"मोठ्यांचं तरी काय भलं झालं त्यानं?"

मी कनवटीची पुडी काढून त्याच्यापुढं ठेवली. "आणि हे काय हे? बघ. नाव लिहिलंय त्याच्यावर."

त्यानं वाचलं. "हे पण स्टिरॉईडच हे, मावशी."

"तेच?"

"त्याच जातीचं. पण डॉक्टरांनी दिलंय म्हणजे..."

मी पुढचं ऐकलं नाही. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. डॉक्टर सृष्टीला म्हणाले, मोठ्या माणसानं बंदच करायचं. तिचं मलम बंद केल्यावर अंग लालभडक झालं, आग आग झाली, दोन रात्री तळमळली, तरी डॉक्टरांचं सांगणं एकच, सोसायचं, पण ते लावायचं नाही. मग ज्यानं एवढीशी पोर सुजली तेच तिच्या पोटात कशासाठी घालायचं? मोठ्या दवाखान्याला काय, आमच्यासारख्यांच्या लेकरावर काहीही करतात, असंही मनात आलं. रोहितला विचारलं तर तो डॉक्टरचंच ऐकणार. म्हणून विचारलं नाही.

सृष्टी दुपारी आली. हातपाय धुऊन आभाला जवळ घेतलं.

"आई, पुडी दिली?"

"दिली."

"थुंकली नाय ना?"

"माझ्याकडं कुठं थुंकते ती?"

ती हसली. पुडी मी मोरीत सोडून पाणी ओतलं होतं. मग रोज तेच. विचारलं की दिली. सकाळी दिली, दुपारी दिली, रात्री दिली.

चौथ्या-पाचव्या दिवशी आभाचे गाल उतरल्यासारखे वाटले. मी मनात म्हणाले, बघा, सूज चालली. ती दूध कमी पिऊ लागली, नुसती पडून राहायची. खुळखुळा समोर धरला तर त्याच्याकडं बघायची, हात पुढं करायची नाही. सृष्टी म्हणाली, "ही मलूल दिसते हो." मी म्हणाले, "विष उतरतंय अंगातून. अशक्तपणा येणारच." मला खरंच तसं वाटत होतं. कोणाला पटेल न पटेल, पण मी त्या आठवड्यात खूश होते. नातीला मी वाचवते आहे असं मला वाटत होतं.

शनिवारी संध्याकाळी तिला जुलाब लागले. उन्हाळ्यात लेकरांना लागतातच. मी साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पाजलं. एक उलटी झाली. सृष्टीनं कागदाकडं बघितलं आणि म्हणाली, "दुप्पट पुडी द्यायला सांगितलीय. आणि लगेच या म्हणालेत."

"मी देते," मी म्हणाले, आणि मोरीकडं गेले.

मोरीपाशी पुडी हातात घेऊन मी उभी राहिले. तेव्हा पहिल्यांदा शंका आली, की दुप्पट द्या असं का सांगितलं असेल? विष कोणी दुप्पट द्यायला सांगेल का? पण आठ दिवस खोटं बोलले होते. आता पुडी दिली तर आठ दिवस आपण चुकलो हे मानावं लागतं, नाही दिली तर काय होईल ठाऊक नाही. मी ती सोडून दिली. परत येऊन म्हणाले, "दिली. सकाळपर्यंत बघू. उतरेल."

सृष्टी जायचं म्हणत होती. रोहितनं माझ्याकडं बघितलं. मीच दोन लेकरं वाढवलेली, घरातली जाणती. तो म्हणाला, "आई म्हणतेय तर सकाळी जाऊ."

रविवारी उजाडताना आभाचे हातपाय गार लागले. डोळे अर्धे उघडे, हाक मारली तरी फिरत नव्हते. लताबाईंच्या मुलाच्या गाडीतून आम्ही नाशिकला गेलो. आडगावच्या पुढं गाडी थांबवून सृष्टीनं तिला अंगावर लावलं. तिनं तोंड उघडलं नाही.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. या वेळी मला कोणी बाहेर बसवलं नाही. डॉक्टर तिच्या पायात सुई लावत होते आणि विचारत होते.

"पुड्या चालू आहेत ना? चुकली तर नाही एखादी?"

"नाय," रोहित म्हणाला.

"नाही," सृष्टी म्हणाली. "रोज तीन वेळा. काल दुप्पटही दिली."

डॉक्टर सिस्टरना काहीतरी सांगू लागले. मी म्हणाले, "साहेब."

कोणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हणाले. "साहेब, मी दिल्या नाहीत."

ते वळले. "किती दिवसांपासून?"

"आठ."

त्यांनी सिस्टरकडं वळून एका इंजेक्शनचं नाव घेतलं, लगेच, लगेच म्हणाले. ते शिरेत गेलं, सलाईन धावत सोडलं, साखर तपासली, ती फारच उतरली होती, ती चढवली. एकदा आभा कण्हली. सृष्टीनं तिचा अंगठा धरला होता, तो तिनं घट्ट पकडल्यासारखं केलं. दुपारी एकच्या सुमाराला डॉक्टर म्हणाले, "रक्तदाब वर येत नाही. काल संध्याकाळी आला असता तर..." आणि पुन्हा आभाकडं वळले.

सृष्टी माझ्याकडं बघत नव्हती. भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आई, मी रोज विचारत होते. रोज विचारत होते हो मी."

पुढं सृष्टीनं तिच्या अंगावरच्या गजकर्णाचा कोर्स पूर्ण केला. सहा आठवडे गोळ्या, साधी ट्यूब, आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे, दिवस मोजून. तिला पुन्हा झालं नाही. मांड्यांवरच्या रेघा मात्र तशाच आहेत, त्या जात नाहीत. सावडीतल्या बायांना मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. लताबाईंनी त्यांच्या घरातल्या दोन लाल ट्यूबा माझ्यादेखत फोडल्या आणि यापुढं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नातवाला काही लावणार नाही की त्याचं काही बंद करणार नाही म्हणाल्या. ललित मला अजून मावशीच म्हणतो, पण नजर खाली ठेवून. सृष्टी माझ्याशी नीट बोलायला लागायला वर्ष गेलं, आणि ज्या दिवशी बोलली त्या दिवशी पाटी घेऊन समोर बसली. तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही.

आमची नात आभा रविवारी, नऊ जून २०१९ रोजी दुपारी सव्वातीन वाजता नाशिकच्या दवाखान्यात वारली. तेव्हा ती नऊ महिने तेरा दिवसांची होती.